गर्दीची धास्ती असलेल्या मैत्रिणीला संक्रांतीचा मेसेज

प्रश्न: माझ्या जिवलग मैत्रिणीला अँग्झायटीचा त्रास आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याच्या गर्दीत तिला एकदम धाप लागली, हातापायांना मुंग्या आल्या, आता आपण पडणार असं तिला वाटलं. तेव्हापासून ती यात्रेला येत नाही, नवी पेठेच्या बाजारातही येत नाही, मागच्या वर्षी आमच्या हळदीकुंकवालाही आली नाही. डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत. यंदा मी तिच्यासाठी मेसेज लिहिलाय: "संक्रांतीच्या खूप खूप शुभेच्छा! यंदा तरी घराबाहेर पड. आम्ही सगळ्याजणी आहोत ना, काही होत नाही. भोगीला बारा वाजता तुला घ्यायला येते. नाही म्हणायचं नाही!!" पण पाठवायला हात धजत नाही. यात काय चुकतंय, आणि काय लिहू?

उत्तर:

तुमचा हात धजत नाही हे बरेच झाले, कारण हा मेसेज प्रेमाने लिहिलेला असला तरी तुमच्या मैत्रिणीला तो वाचून दिलासा मिळण्याऐवजी भोगीच्या दिवसाची धास्ती बसण्याची शक्यता अधिक आहे. तिला पाठवायच्या मेसेजमध्ये एकच छोटा बेत असावा, त्या बेताची वेळ, जागा, माणसे आणि शेवट हे सारे आधीच स्पष्ट असावे, आणि उत्तर न देण्याची मुभा त्यातच लिहिलेली असावी. असा मेसेज कसा बनवायचा ते मी खाली सांगते आणि एक नमुनाही देते. पण त्याआधी तिला गर्दीतले नेमके काय जड जाते ते ठरवावे लागेल, कारण बेत त्यावरच अवलंबून आहे.

गर्दी नको वाटणाऱ्या माणसांत मला प्रामुख्याने दोन तऱ्हा दिसतात. बाहेरून त्या सारख्याच वाटतात. पहिल्या तऱ्हेत भीती असते ती अडकून पडण्याची: छाती धडधडू लागली, चक्कर आली, तर येथून बाहेर कसे पडायचे आणि मदत कशी मिळायची, हा विचार तेथे मुख्य असतो. माणसे ओळखीची आहेत की अनोळखी, याने फारसा फरक पडत नाही. वाट मोकळी आहे की नाही, याने पडतो. दुसऱ्या तऱ्हेत भीती असते ती लोकांच्या नजरेची: आपण बावरलो आहोत हे कोणाला दिसेल, कोणी काही विचारील, आपल्याला नीट बोलता येणार नाही. अशा व्यक्तीला हजारो अनोळखी लोकांच्या गर्दीत उलट हायसे वाटू शकते, कारण तेथे तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. पण हळदीकुंकवाला गोल बसलेल्या आठ ओळखीच्या बायकांसमोर तिचा घसा कोरडा पडतो.

तुमच्या मैत्रिणीची सुरुवात पहिल्या तऱ्हेने झालेली दिसते. जेथे अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याच्या परिसरात सोहळ्याच्या वेळी किती दाटी असते, ते सोलापूरकराला सांगायला नको. मिरवणुकीतले उंच नंदीध्वज येऊन उभे राहिले की पुढे सरकता येत नाही आणि मागे वळताही येत नाही. तेथे तिला जे झाले, तो वर्णनावरून पॅनिक अटॅक वाटतो. निदान अर्थातच तिच्या डॉक्टरांनी करायचे आहे. अशा वेळी हृदय जोरात धडधडते, श्वास भरभर आणि उथळ होतो, आणि त्या भरभर श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना व ओठांना मुंग्या येतात, डोके हलके होते. त्रास साधारणतः काही मिनिटांत टोक गाठतो आणि मग आपोआप ओसरू लागतो. पण तो टोकाला असतानाच माणूस तेथून बाहेर पडला, तर मेंदू एवढेच लक्षात ठेवतो की बाहेर पडलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आधीच सावध होतो आणि मग नवी पेठेतील शनिवारची वर्दळसुद्धा संमती कट्ट्यासारखी वाटू लागते. घाबरण्याच्या जागा अशाच वाढत जातात.

मात्र हळदीकुंकवाला न येणे या स्पष्टीकरणात पूर्णपणे बसत नाही. तुमच्या घराचे दार उघडेच असणार, तेथे अडकण्याचे कारण नव्हते. मला शंका अशी आहे की पहिल्या तऱ्हेवर दुसरी तऱ्हा चढली आहे: त्या दिवशी तिला काय झाले ते तुमच्या मैत्रिणींपैकी काहींनी पाहिले आहे, काहींनी ऐकले आहे, आणि "आता बरी आहेस ना गं?" हा प्रश्न वाण घेताना चारचौघींत येणारच, हे तिला ठाऊक आहे. प्रश्न आपुलकीचा असतो. पण त्या प्रश्नापाठोपाठ खोलीतील सगळ्या माना तिच्याकडे वळतात. हे खरे आहे का, ते तपासायला तिला काही विचारण्याची गरज नाही. जरा आठवून पाहा: ती तुमच्या एकटीबरोबर बाहेर मोकळ्या जागी भेटली आहे का, उदाहरणार्थ सकाळी कंबर तलावावर फिरायला? भेटली असेल आणि चार मैत्रिणींच्या भिशीला मात्र आली नसेल, तर नजरांची भीतीही आहे असे धरून चाला. म्हणजे यंदाच्या बेतात मोकळी वाट हवी आणि प्रेक्षकही नकोत.

आता तुमच्या मजकुराकडे वळते. "यंदा तरी" या दोन शब्दांत मागच्या दोन वर्षांचा हिशेब आहे. तुम्ही तो मांडलेला नाही, पण ती तो वाचणारच, कारण स्वतःच्या मनात ती तो रोज मांडत असते. "आम्ही सगळ्याजणी आहोत ना" हा तुमच्या दृष्टीने आधार आहे. तिच्या दृष्टीने ती प्रेक्षकांची संख्या आहे. "काही होत नाही" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, आणि ते दोन कारणांनी उलटते. एक तर तिला काहीतरी झाले होते, तिच्या शरीराने ते भोगले आहे, त्यामुळे ते वाक्य तिला खोटे वाटते. दुसरे म्हणजे असा दिलासा तेवढ्यापुरताच टिकतो, मन लगेच "पण झाले तर?" असे विचारते आणि पुन्हा दिलासा मागते, उपचारात आम्ही ही साखळी सोडवण्याचा प्रयत्न करत असतो. "घ्यायला येते" या शब्दांनी तिच्या हातातील एकमेव सोय काढून घेतली, ती म्हणजे ऐनवेळी न जाण्याची. आणि "नाही म्हणायचं नाही" हे आपल्याकडे लाडाने म्हणण्याची पद्धत असली, तरी धास्तावलेल्या माणसाला ते शब्दशः ऐकू येते. ती कदाचित "हो येते" असे लिहीलही, आणि मग पाच दिवस झोपणार नाही व भोगीच्या सकाळी पोट बिघडल्याचा निरोप पाठवील. हा निरोप बहुधा बहाणा नसतो. धास्तीने पोट खरोखरच बिघडते.

बेत कोणता ठेवायचा, याचा विचार करताना मला काही सोपे वाटणारे पर्याय बाजूला ठेवावेसे वाटतात. पहिला पर्याय म्हणजे अक्षता सोहळ्याचे थेट प्रक्षेपण दोघींनी घरी बसून पाहणे. कल्पना चांगली आहे, पण "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" हा गजर तिने त्या दिवशी घाबरलेल्या अवस्थेत ऐकला होता, आणि आवाजाने शरीर फार लवकर जुन्या जागी जाऊन पोहोचते. तिने स्वतःहून सुचवले तर जरूर पाहा. तुम्ही सुचवू नका. दुसरा पर्याय म्हणजे तिला तुमच्या घरी बोलावणे. त्यात सासूबाई, मुले, शेजारच्या काकू, सणाच्या दिवशी दारात येणारी माणसे, हे सगळे तुमच्या हातात नसते. तिसरा, गड्डा महिनाअखेरपर्यंत असतो म्हणून "गर्दी कमी झाली की पाळण्यांकडे जाऊ" हा पर्याय. पाळण्यांचा कर्कश आवाज आणि दुकानांच्या अरुंद रांगा लक्षात घेता, तो तिच्या डॉक्टरांनी टप्पा म्हणून सांगितल्याशिवाय नको.

उरते तिचे स्वतःचे घर. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्याच्या घरून आपल्याला उठून जाता येते. स्वतःच्या घरात पाहुणा बसला असेल तर यजमानाला उठून कोठेच जाता येत नाही. म्हणून तिच्या घरी जायचे असेल, तर पाहुणीने आपण केव्हा उठणार ते आधीच सांगितले पाहिजे, आणि उठण्याचे कारण तिच्या आजाराशी संबंधित नसले पाहिजे. "तुला थकवा येईल म्हणून मी लवकर निघते" असे म्हटले, की ती पुन्हा रुग्ण झाली.

भोगीचा दिवस यासाठी अगदी सोयीचा आहे. संक्रांत 14 जानेवारीला असली की 13 तारखेला भोगी, आणि त्याच दुपारी अक्षता सोहळा. सकाळी तुमच्या घरी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होणारच. ती डब्यात घालून साडेआठला तिच्याकडे जायचे, दोघींनी खायचे, आणि सव्वानऊला तुम्ही उठायचे, कारण तुम्हाला घरी जाऊन आवरून अक्षतेला निघायचे आहे. हे कारण खरे आहे आणि तुमचे आहे. तिच्यासाठी तुम्ही सोहळा सोडता कामा नये. तुम्ही सोडलात, तर आपल्यामुळे हिची यात्रा बुडाली हे ओझे तिच्यावर येईल आणि पुढच्या वर्षी ती तुम्हाला घरीही येऊ देणार नाही.

आणि एक लहानशी गोष्ट, जी मला या बेतात सर्वांत महत्त्वाची वाटते. निघताना तिच्याकडून मूठभर अक्षता घ्या. घरातलेच तांदूळ, हळदीकुंकवाचा हात लावलेले, कागदाच्या पुडीत बांधलेले. तुमच्या अक्षतांबरोबर त्याही संमती कट्ट्यावर टाका. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या झालेल्या त्या लग्नाला सगळे सोलापूर वऱ्हाडी असते, आणि न आलेल्या माणसाच्या हाताच्या अक्षता पडल्या तर तिचीही हजेरी लागली, असे मानायला कोणाची हरकत नसावी. तिला सण तुमच्याकडून नुसता मिळणार नाही. त्यात तिने स्वतः काही दिलेले असेल. आजारी माणसाच्या वाट्याला आपल्याकडे डबे, फळे आणि सल्ले पुष्कळ येतात, पण त्याच्याकडून काही मागणारे कोणी उरत नाही. तुम्ही मागा.

तर मेसेज असा लिहिता येईल:

"अगं, 13 तारखेला भोगी. सकाळी भाजी आणि तिळाची भाकरी करतेय, तुझ्या वाटणीची डब्यात आणू का? मी एकटीच येईन, साडेआठला. तुझ्या स्वयंपाकघरातच बसून खाऊ आणि सव्वानऊला मी निघेन, मला अक्षतेला जायचंय. जाताना तुझ्या हातच्या मूठभर अक्षता दे, माझ्याबरोबर टाकते. चालणार असेल तर नुसता 'हो' टाक. काही कळवलं नाहीस तर मी येणार नाही, आणि त्यात काहीच बिघडत नाही, तिळगूळ रथसप्तमीपर्यंत कधीही देता येतो. घर आवरत बसू नकोस."

यात शुभेच्छा नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्या संक्रांतीच्या दिवशी वेगळ्या पाठवा, एका ओळीत. शुभेच्छा आणि आमंत्रण एकत्र आले की शुभेच्छेला उत्तर द्यायचे म्हणून आमंत्रणालाही उत्तर द्यावे लागते, आणि मग ती दोन्हीला देत नाही. आजाराचा उल्लेखही नाही. "मला माहीत आहे तुला गर्दीचा त्रास होतो" असे लिहिण्याचा मोह होईल, तो आवरा. "एकटीच", "तुझ्या स्वयंपाकघरात", "सव्वानऊला" या शब्दांतून तुम्हाला माहीत आहे हे तिला बरोबर कळते, आणि ते न बोलता कळल्यामुळे तिला लाजिरवाणे होत नाही.

सर्वांत अधिक विचार करून घातलेले वाक्य आहे "काही कळवलं नाहीस तर मी येणार नाही". आपल्याकडे उलट रीत आहे: नाही म्हटले नाही, म्हणजे हो. त्या रीतीने वागलात तर तिचे मौन हाच तिच्यासाठी ताण होईल, कारण मग सकाळी साडेआठपासून ती दाराच्या बेलकडे कान लावून बसेल. मौनाचा अर्थ "नाही" असा ठरवून टाकला, की मेसेज वाचून फोन बाजूला ठेवण्याइतके तिला मोकळे होता येते. आणि हे वाक्य लिहिले, की ते पाळायचे. उत्तर आले नाही आणि तरीही तुम्ही "जवळूनच चालले होते" म्हणून डबा घेऊन दारात उभ्या राहिलात, तर पुढचा कोणताही मेसेज तिला खरा वाटणार नाही.

"मी एकटीच" या शब्दालाही तसेच जपा. असले बेत बहुतेक वेळा यामुळेच फसतात. ऐनवेळी तुमची लेक म्हणते मलाही मावशीकडे यायचे आहे, किंवा सोसायटीतील दुसरी मैत्रीण म्हणते थांब, मीही येते, खूप दिवसांत भेटले नाही. दोघींचाही हेतू चांगला असतो. तरीही नाही म्हणायचे काम तुमचे आहे. एकीच्या जागी दोघी आल्या, तर फरक एका माणसाचा नसतो. सांगितलेल्यापेक्षा वेगळे घडू शकते, हे तिला कळते. मग पुढे तुम्ही सांगितलेल्या वेळेवर आणि जागेवरही तिचा विश्वास राहत नाही.

"घर आवरत बसू नकोस" हे वाक्य किरकोळ दिसते, पण काढू नका. धास्तावलेली माणसे पाहुण्याच्या आधी दोन दिवस घर घासत बसतात आणि दमून ऐनवेळी बेत मोडतात. स्वयंपाकघरात बसण्याचे मी त्यासाठीही सुचवले आहे: दिवाणखान्यात समोरासमोर बसले की बोलणे भाग पडते, ओट्याजवळ मात्र एकीने भाकरी मोडावी, दुसरीने शेंगाचटणीत तेल घालावे, आणि मध्ये पाच मिनिटे कोणी काही बोलले नाही तरी अवघड वाटत नाही.

मेसेज पाठवण्याच्या वेळेबद्दल. भोगीच्या आधी चार-पाच दिवस, म्हणजे 8 किंवा 9 तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास पाठवावा. पंधरा दिवस आधी पाठवला तर तिला धास्ती वाढवायला पंधरा दिवस मिळतात. आदल्या रात्री पाठवला तर विचार करायला वेळच उरत नाही, आणि रात्री आलेला मेसेज ती रात्रभर उलटसुलट वाचत राहते. तो फक्त तिला जावा, ग्रुपवर नाही. व्हॉइस नोट नको, कारण ती पुनःपुन्हा ऐकून तुमच्या आवाजातला सूर शोधला जातो. पाठवल्यानंतर फोन करून "बघितलास का मेसेज?" असे विचारू नये, आणि निळ्या खुणा दिसल्या तरी प्रश्नचिन्ह टाकू नये. निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही, याचा अर्थ ती विचार करते आहे असाही असू शकतो. 12 तारखेच्या संध्याकाळपर्यंत काही आले नाही, तर एक ओळ टाका: "उद्या येत नाहीये गं, तुझी भाकरी उधार." त्यामुळे तिची सकाळ सुटते.

उत्तर कसे येईल? नुसते "हो" आले तर तुम्हीही नुसते "बरं" लिहा. आनंदाने दहा उद्गारचिन्हे पाठवलीत, तर तिच्या होकाराला किती मोल आहे हे तिला कळते आणि माघार घेणे अवघड होते. "बघू", "सांगते", "प्रयत्न करते" असे आले, तर ते नाही आहे असे समजा आणि "ठीक, नाही जमलं तरी चालेल" एवढेच लिहा. "अगं, कशाला त्रास घेतेस, तुझी गडबड असेल" असे अति सौजन्याचे उत्तर आले, तर तिला आपण ओझे आहोत असे वाटते आहे. त्या ठिकाणी मात्र एकदा सरळ सांगावे की भाकऱ्या मी करणारच आहे, त्रास काही नाही. एकदाच, दुसऱ्यांदा आग्रह नको. आणि "हो" लिहून भोगीच्या सकाळी सात वाजता "आज नको" आले, तर डबा मुलांना वाढा आणि तिला लिहा, "ठीक आहे, तुझ्या अक्षता मी टाकते." नाराजी लपवून लिहिलेले "असू दे" तिला दुरूनही ओळखू येईल.

भेटीत तिला धडधड सुरू झाली तर काय करावे, हेही सांगून ठेवते, कारण नेमक्या अशा वेळी प्रेमळ माणसे चुकीचे धावतात. पंखा लावणे, पाणी आणायला ओरडणे, नवऱ्याला फोन करणे, यातून तिला "काहीतरी भयंकर होते आहे" असेच कळते. तुम्ही जागेवर बसून राहा. आवाज नेहमीचा ठेवा. "मी इथेच आहे, ओसरू दे" एवढे म्हणा. "मोठा श्वास घे" असे आपण सर्रास सांगतो, पण भरभर श्वास चाललेला असताना आणखी मोठे श्वास घेतले तर मुंग्या वाढू शकतात. सांगायचेच असेल तर श्वास हळू सोडायला सांगा. तिला आतल्या खोलीत जाऊन बसायचे असेल तर जाऊ द्या आणि मागोमाग जाऊ नका. ओसरल्यावर त्यावर चर्चा करू नका, तिने काढल्याशिवाय. मात्र छातीत दाबून दुखणे, हातात किंवा जबड्यात कळ जाणे, शुद्ध हरपणे असे काही असेल, तर ती धास्तीच आहे असे घरच्या घरी ठरवू नका. ताबडतोब 108 ला फोन करून दवाखाना गाठा.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या उत्तराचा अर्धाच उपयोग होईल. प्रत्येक सण तिच्या स्वयंपाकघरात आणून देणे हा दीर्घकालीन इलाज नाही. जवळच्या माणसांनी सगळ्या वाटा कायमच्या सोप्या करून दिल्या, तर टाळण्याची सवय पक्की होते, आणि घरातले माणूस प्रेमापोटी त्या आजाराच्या बाजूने काम करू लागते. उपचारात साधारणपणे पायरीपायरीने सामोरे जायला शिकवतात: आधी कमी अवघड जागा, त्रास ओसरेपर्यंत तेथे थांबणे, तेच पुनःपुन्हा करणे, आणि मग वरची पायरी. पण त्या पायऱ्या तिने आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवायच्या असतात. तुम्ही भोगीच्या भाकरीचे रूपांतर गुपचूप सरावात केले, म्हणजे "चल आता जरा खाली चौकापर्यंत जाऊन येऊ" असे म्हणालात, तर मैत्री आणि उपचार दोन्ही बिघडतील. विचारायचे असेल तर सण उरकल्यावर, निवांत वेळी, सरळ विचारा: "डॉक्टरांनी काही सराव सांगितला असेल आणि त्यात सोबत लागत असेल तर मला सांग." ती नाही म्हणाली तर विषय तेथेच सोडा.

भोगीचा बेत नीट पार पडला तर त्याच्या पुढचा, किंचित मोठा बेत सोलापुरात सहज मिळतो. यात्रेच्या पहिल्या दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक ज्या अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकासाठी शहराला फेरी घालते, ती लिंगे शहरभर विखुरलेली आहेत; काही मोठ्या देवळांत, काही वस्तीत. तिच्या घरापासून पायी जाता येईल असे एखादे शोधून ठेवा. यात्रा संपल्यावर, सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी सातच्या सुमारास तेथे फारसे कोणी नसते, आत-बाहेर जायला मोकळीक असते, आणि दहा मिनिटांत दर्शन घेऊन परत येता येते. आदल्या दिवशी त्याच वेळी तुम्ही स्वतः जाऊन पाहून या, म्हणजे नेमकी किती माणसे होती ते तिला सांगता येईल. या बेताचा मेसेजही वरच्यासारखाच बांधायचा: दिवस, वेळ, दोघीच, किती मिनिटे, आणि उत्तर आले नाही तर नाही. रथसप्तमीपर्यंत मुदत आहे, त्यामुळे घाई करू नका. भोगीनंतर निदान आठवडाभर मध्ये जाऊ द्या.

काही खुणा दिसल्या तर मात्र मेसेज, भाकरी वगैरे बाजूला ठेवावे लागेल. ती आठवड्यानुआठवडे उंबऱ्याबाहेर पडली नसेल, जेवण आणि झोप कमी झाली असेल, डॉक्टरांकडे जाणे किंवा गोळ्या परस्पर बंद केल्या असतील, किंवा "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, मी नसलेली बरी" अशा तऱ्हेचे काही बोलली असेल, तर घरच्यांशी बोला आणि तिच्या डॉक्टरांना लवकर भेटायला लावा. शेवटच्या प्रकारचे बोलणे असेल तर त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटे सोडू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतूनही बोलता येते. तिच्या वतीने तुम्हीही फोन करू शकता.

13 तारखेला सोहळ्याहून परतल्यावर तिला एकच ओळ पाठवा: "तुझ्या अक्षता टाकल्या." गर्दीचा फोटो, व्हिडिओ, "तू हवी होतीस" हे त्यासोबत नको. आणि इतर मैत्रिणींनी तिची चौकशी केली तर "सकाळी भेटलो, भाकरी खाल्ली" एवढेच सांगा. ती कशी दिसत होती, किती बोलली, हे सांगत बसलात, तर पुढच्या हळदीकुंकवाला त्यांच्याकडे तिला विचारायला नवे प्रश्न तयार असतील.